तुमच्या संगणकातल्या ‘हक्कसोड’ नावाच्या फाईलबद्दल

दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात आणि आसपास बसणारे दस्तलेखक, मुद्रांक विक्रेते आणि नुकतीच सनद घेतलेले वकील यांस,

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या संगणकात ‘हक्कसोड’ किंवा ‘सोडपत्र नमुना’ अशी एक फाईल आहे. कोणी तरी कधी तरी टाइप केली, पुढे ती पेन ड्राइव्हवरून या टेबलावरून त्या टेबलावर गेली. नावे बदलायची, गट नंबर बदलायचे, वय बदलायचे आणि प्रिंट काढायची. दीड-दोन पाने. एका दस्तात तर आधीच्या घराण्यातल्या मयत वडिलांचे नाव दुसऱ्या पानावर तसेच राहून गेलेले मी पाहिले आहे. त्यावर बहिणीची सही होती, दोन्ही भावांच्या सह्या होत्या, ओळखदारांच्या होत्या आणि नोंदणीचा शिक्काही होता. वाचले मात्र कोणीच नव्हते.

मी तालुका न्यायालयात दिवाणी कामे चालवते. बहिणीने भावांना लिहून दिलेले हक्कसोड पत्र पंधरा-वीस वर्षांनी वाटपाच्या दाव्यात कसे उभे राहते, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. कधी बहिणीकडून, कधी भावांकडून. पत्र तुम्हाला लिहिते आहे, कारण दस्त पुढे टिकणार की नाही हे पुष्कळदा तुमच्या टेबलावर, पंधरा मिनिटांत ठरते. भाऊ-बहीण तेव्हा बाहेर चहा घेत असतात.

हक्कसोडला आव्हान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. बहीण कोर्टात येऊन म्हणते, ‘मला फसवून सही घेतली.’ असे दावे होतात, त्यांच्याकडे पुढे येते. पण ज्या आव्हानाने भाऊ खरोखर हादरतात, त्यात बहीण फसवणुकीचा एक शब्दही काढत नाही. ती म्हणते, ‘दस्त माझाच, सही माझीच, मी समजून केली. पण दस्तात लिहिले आहे तेवढेच मी सोडले. बाकीचे माझे मला द्या.’

असाच एक दावा सांगते. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, हिशोब मात्र तोच.

आठ एकर वडिलोपार्जित जमीन, म्हणजे 320 गुंठे, तीन गटांत. आई, वडील, दोन भाऊ आणि सर्वांत थोरली बहीण. बहिणीचे लग्न 1988 सालचे. वडील 2003 साली वारले, मृत्युपत्र नव्हते. वारस नोंद झाली तेव्हा आई आणि भाऊ कब्जेदार सदरी लागले आणि बहिणीचे नाव इतर हक्कात गेले. 2007 साली भावांनी तिला बोलावले, ती आली, आणि नोंदणीकृत हक्कसोड पत्र झाले. त्यातले महत्त्वाचे वाक्य असे होते : ‘आमचे वडील मयत झाल्याने त्यांचे वारस या नात्याने मला सदर मिळकतीत मिळालेला 1/16 हिस्सा, तसेच आईच्या पश्चात मला मिळणारा हक्क, मी भावांच्या लाभात बिनमोबदला कायमचा सोडून देत आहे.’ शेवटी नेहमीचे : ‘यापुढे सदर मिळकतीत माझा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही.’

1/16 कुठून आले? दस्त लिहिणाऱ्याने हिशोब केला होता, आणि त्या वेळच्या समजुतीप्रमाणे तो बरोबर होता. वडील वारले त्या क्षणी कागदोपत्री एक वाटणी झाली असे धरायचे. त्या वाटणीत वडील, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी पाव हिस्सा. मुलीला त्या वाटणीत जागा नाही, कारण ती सहदायाद नव्हे. मग वडिलांचा पाव हिस्सा चार वारसांत, म्हणजे आई, दोन मुलगे आणि मुलगी यांच्यात समान. पावाचा पाव म्हणजे 1/16. तीनशे वीस गुंठ्यांत वीस गुंठे. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना सहदायाद केले होते खरे, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ही तर 1988 सालीच सासरी गेली होती.

मधल्या काळात केंद्राचा कायदा बदलला. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद झाली, लग्न कधीही झालेले असो. वडील त्या तारखेआधीच वारले असतील तर काय, यावर अनेक वर्षे घोळ चालला. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वडील त्या दिवशी हयात हवेत. 2018 च्या एका निकालाने पुन्हा संभ्रम झाला. शेवटी 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील 2005 साली हयात होते की नव्हते याचा त्याच्याशी संबंध नाही. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी धरायची ती कागदी वाटणी म्हणजे खरी वाटणी नव्हे, हेही त्याच निकालात आले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने खरोखर वाटप झाले असेल किंवा मिळकत विकून टाकली असेल तरच ते अबाधित राहते. या कुटुंबात तसे काही झाले नव्हते.

आता हिशोब पुन्हा मांडा. वाटणीत चाराऐवजी पाच जण : वडील, आई, दोन भाऊ आणि बहीण. प्रत्येकी 1/5. वडिलांचा 1/5 चार वारसांत, म्हणजे प्रत्येकी 1/20. बहिणीचे स्वतःचे 1/5 आणि वारसाने 1/20, मिळून 1/4. तीनशे वीस गुंठ्यांत ऐंशी गुंठे. दस्तात सोडले होते ते वीस.

भावांच्या हे गावीही नव्हते. 2021 साली त्यांनी रस्त्यालगतची चाळीस गुंठे विकायला काढली, तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलाने शोध अहवाल करताना हा दस्त वाचला आणि बहिणीची खरेदीखताला ‘मान्यता देणार’ म्हणून सही मागितली. भाऊ म्हणाले, तिने तर हक्क सोडलाय. वकील म्हणाला, सगळा सोडलेला दिसत नाही. भावांनी बहिणीला निरोप पाठवला, बहिणीच्या मुलाने दस्ताची नक्कल काढली आणि ती घेऊन दोघे मायलेक माझ्याकडे आले. (खरेदीदाराचा वकील हा हक्कसोडाचा पहिला खरा वाचक असतो, असे माझे निरीक्षण आहे.)

दावा वाटपाचा लावला, आणि मुद्दा इथेच आहे. दस्त रद्द करून मागायचा असता तर मुदत तीन वर्षांची. दस्त रद्द व्हावा असे वाटायला लावणारी गोष्ट पहिल्यांदा कळली तिथपासून ती मोजतात, आणि लिहून देणारीनेच रद्द करून मागायचे तर कधी आणि कसे कळले हे तिला पटवून द्यावे लागते. इथे रद्द करा असे आम्ही म्हटलेच नाही. दस्त खरा धरा, वाचा आणि त्यात न सोडलेला हिस्सा वाटून द्या, एवढीच मागणी. त्यामुळे भावांच्या कैफियतीतला ‘दावा मुदतबाह्य’ हा मुद्दा पातळ झाला. सामाईक जमिनीतून बहिणीला बाहेर काढले आणि तिला ते बारा वर्षांपूर्वीच माहीत होते, असे त्यांना दाखवावे लागले असते. ते अवघड होते, कारण दस्तानंतरही हुरडा, आंबे आणि दिवाळीचे धान्य दर वर्षी तिच्या घरी जात होते.

भावांच्या बाजूने शेवटचे वाक्य होते : ‘कोणताही हक्क राहिलेला नाही.’ मी त्यांच्याकडून असते तर मीही त्याच वाक्यावर उभी राहिले असते. पण सोडपत्रातली अशी सरसकट वाक्ये, सही करताना दोघांच्या मनात जे होते तेवढ्यापुरतीच वाचायची, असे जुने तत्त्व आहे. मनात काय होते, ते वरच्या परिच्छेदात आकड्यासह लिहून ठेवले होते. ‘आम्हाला सगळेच अभिप्रेत होते’ असे भाऊ तोंडी सांगू लागले तर दस्तातल्या मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हा नियम आड येतो. एरवी हाच नियम भावांची ढाल असतो.

आता त्या वाक्याचा दुसरा तुकडा पाहा : ‘आईच्या पश्चात मला मिळणारा हक्क.’ आई 2007 साली हयात होती. ती 2016 साली गेली. तिच्या नावे वरच्या हिशोबाने पाव हिस्सा होता, ऐंशी गुंठे. तिचेही मृत्युपत्र नव्हते, त्यामुळे तिचा हिस्सा तीन मुलांत समान. बहिणीच्या वाट्याला सव्वीस-सत्तावीस गुंठे पुन्हा आले.

हयात माणसाच्या मिळकतीत पुढे वारसाने काही मिळेल, ही केवळ आशा आहे. ती आज कोणाला देता येत नाही आणि सोडताही येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 6 (अ) तेच सांगते. म्हणून तुमच्या नमुन्यातले ‘भविष्यात मिळणारे सर्व हक्क’ हे वाक्य कागदावर भारदस्त दिसले तरी बहुधा निकामी असते. बहुधा म्हणते, कारण एक अपवाद आहे. अशा आशेच्या बदल्यात बहिणीने खरोखर मोबदला घेतला असेल आणि त्या विश्वासावर इतरांनी आपली परिस्थिती बदलली असेल, तर पुढे तिला ‘मला माझा वाटा द्या’ म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली एका मुस्लीम कुटुंबाच्या प्रकरणात म्हटले आहे, आणि अलीकडेही ते तत्त्व वापरले आहे. भावांनी तोच मुद्दा घेतला. 2007 साली भाचीच्या लग्नाला आम्ही दीड लाख रुपये दिले, तोच मोबदला, असे ते म्हणाले. बहिणीने उलटतपासणीत पैसे मिळाल्याचे कबूलही केले. पण दस्तात काय लिहिले होते? बिनमोबदला.

हा ‘बिनमोबदला’ शब्द तुम्ही का घालता ते मला ठाऊक आहे. पैशाचा आकडा दिसला की मुद्रांक वाढेल, खरेदीखत धरतील, अशी भीती असते. वडिलोपार्जित मिळकतीचे सोडपत्र भावंडांत झाले तर मुद्रांक नाममात्र लागतो, पूर्वी 200 रुपये होता, आता 500. ही सवलत जाऊ नये म्हणून खरा व्यवहार कागदातून पुसायचा, असा रिवाज पडला आहे. शंका असेल तर दस्त सही करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी टाकता येतो. ते मुद्रांक ठरवून देतात आणि मग भानगड राहत नाही. त्यात थोडा वेळ जात असेल तर जाऊ द्या. रोखीने दिलेले आणि कागदावर नसलेले दीड लाख भावांच्या काही कामी आले नाहीत. तेच पैसे चेकने दिलेले असते आणि चेकचा नंबर दस्तात असता, तर आईच्या हिश्श्यापुरता तरी त्यांचा बचाव कितीतरी भक्कम झाला असता.

तुमच्यापैकी काही जण इथे म्हणतील, आम्ही 1/16 असा आकडा घालतच नाही, ‘माझा असलेला सर्व हिस्सा’ एवढेच लिहितो. आकड्यापेक्षा ते बरे, पण त्याच्याआधी ‘वडिलांचे वारस या नात्याने’ हे शब्द असतील तर अडचण तीच. बहिणीचा हक्क आता दोन वाटांनी येतो, एक जन्माने आणि एक वारसाने. नमुना 2005 पूर्वीचा असेल तर त्यात फक्त वारसाची वाट लिहिलेली असते. मी माझ्या पक्षकारांसाठी साधारण असे लिहिते :

‘या मिळकतीत मला जन्मतः सहदायाद म्हणून असलेला आणि वडिलांच्या मृत्यूनंतर वारसाने मिळालेला, असा दोन्ही मिळून माझा जो हिस्सा आहे, तो आजच्या हिशोबाने 1/4 होतो. कायद्याने तो कमी किंवा अधिक ठरल्यास जो ठरेल तो सर्व, मी माझ्या दोन्ही भावांच्या लाभात समान भागांत सोडत आहे. आई हयात आहे. तिच्या हिश्श्यात मला पुढे काही आले तर त्याबद्दल हा दस्त नाही.’

शेवटचे वाक्य वाचून भाऊ चपापतात. एकदा तर एक थोरला भाऊ माझ्यावर उखडला, तुम्ही तिला रस्ता दाखवताय म्हणून. मी त्याला सांगितले की रस्ता आहेच, मी फक्त पाटी लावते आहे. आईच्या हिश्श्याची सोय करायची असेल तर आईला मृत्युपत्र करू द्या. सहदायादीतला आपला हिस्साही मृत्युपत्राने देता येतो, आणि ज्या आईची बुद्धी शाबूत आहे तिला तो कोणाला द्यायचा हे ठरवायचा अधिकार आहे. किंवा आई गेल्यावर बहिणीला पुन्हा एकदा कार्यालयात आणा आणि दुसरे सोडपत्र करा. पहिल्याच दस्तात दोन्ही उरकायला गेले की दुसऱ्याची वेळ आल्यावर कोणाच्या लक्षातच येत नाही.

‘कोणाच्या लाभात’ हा भागही नमुन्यात पोकळ असतो. सहदायादाने आपला हक्क सोडला की तो उरलेल्या सगळ्यांना मिळतो, एकट्याला नव्हे, अशी हिंदू कायद्याची मूळ धारणा. एका भावाच्या नावे लिहिले तरी न्यायालय ते सर्वांच्या लाभात धरू शकते, आणि सहदायादीतला अविभक्त हिस्सा नुसता बक्षीस म्हणून एकट्याला दिला तर तो इतरांच्या संमतीशिवाय टिकत नाही. बहिणीला फक्त धाकट्यालाच द्यायचे असेल, कारण आई त्याच्याकडे राहिली किंवा थोरल्याशी बोलणे नाही, तर थोरल्याची आणि आईची संमती त्याच दस्तात घ्या. ती मिळत नसेल तर दस्त तात्पुरता गुंडाळून ठेवा आणि वाटपाकडे वळा. धाकट्याला फुकटचा दिलासा देणारा कागद करून देऊ नका.

तलाठ्यापुढच्या जबाबाबद्दल थोडेच लिहिते, कारण तो तुमच्या टेबलावर होत नाही, तरी तुम्ही वाट दाखवता. ‘नोंदणी कशाला, जबाब देऊन नाव कमी करून घ्या’, असे अजून सांगितले जाते. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावरातला हक्क संपवणारा दस्त नोंदणीकृतच हवा, 1908 चा नोंदणी कायदा असे म्हणतो. फेरफाराने नाव कमी होते, मालकी जात नाही. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, पंधरा दिवसांच्या नोटिशीत हरकत आली नाही, म्हणून बहिणीचा हिस्सा संपला असे होत नाही. जुन्या तोंडी कौटुंबिक वाटणीची नंतर आठवणीसाठी केलेली नोंद नोंदणीशिवाय चालते, असा एक बचाव भाऊ घेतात आणि कधी तो मान्यही होतो. पण त्यासाठी आधी खरोखर तोंडी व्यवस्था झालेली असावी लागते, ती शाबीत करावी लागते. नुसता एका ओळीचा जबाब म्हणजे ती व्यवस्था नव्हे.

आता फसवणुकीचे दावे. तिथे वकिलांसाठी एक भेद सांगते, कारण नव्या वकिलांची दाव्याची अर्जी इथेच मोडते. बहिणीला हक्कसोडाचाच कागद आहे हे माहीत होते, पण त्यात काय लिहिले आहे ते खोटे सांगितले, अशी तक्रार असेल तर दस्त रद्द करण्याजोगा असतो. तो रद्द करून मागावा लागतो, आणि तीन वर्षांची मुदत पाठीशी लागते. पण कागद कोणता आहे याबद्दलच खोटे सांगितले, म्हणजे ‘सातबाऱ्याला नाव लावायला सही हवी’ म्हणून सोडपत्रावर सही घेतली, तर तो दस्त मुळातूनच पोकळ. सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली हा फरक स्पष्ट केला आहे. नुसते ‘फसवून सही घेतली’ एवढे लिहून चालत नाही. कोणी, कधी, कुठे, नेमके काय शब्द बोलले ते लिहावे लागते. मोघम लिहिले की पहिल्या सुनावणीतच भावांचा वकील सुटकेचा श्वास सोडतो.

न्यायालय अशा वेळी काय पाहते, ते मी साक्षी घेताना पाहिले आहे. बहीण शिकलेली होती का, मराठी वाचता येत होती का. दस्ताची मूळ प्रत किंवा नक्कल तिला मिळाली का, की सगळे कागद भावाच्या कपाटात. तिच्या बाजूने कोणी होते का, तिचा नवरा किंवा मुलगा, की दोन्ही ओळखदार भावाचेच मित्र. वडिलांच्या तेराव्यालाच सह्या झाल्या का. ती दुःखात, पाहुण्यांच्या गर्दीत, बसने परत जायच्या घाईत होती का. आणि त्याच दिवशी भावाने तिला काय दिले. एका साडीवर आठ एकरांचा हिस्सा सोडला, असे साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून ऐकताना न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर जे येते, ते निकालपत्रात उतरत नाही, पण निकालात उतरते.

यातल्या बहुतेक गोष्टी तुम्ही सावरू शकता. तेराव्याला दस्त घेऊ नका. बहिणीला भावांपासून वेगळे बसवून मजकूर वाचून दाखवा, आणि तो वाचून दाखवला, तिला समजला, हे दस्तात लिहा. पण खरेच वाचून दाखवल्यावरच लिहा. सध्या हे वाक्य प्रत्येक दस्तात आहे, त्यामुळे त्याला काडीची किंमत उरलेली नाही. ओळखदारांपैकी एक तिच्या सासरचा असू द्या. नोंदणीनंतर एक प्रत तिच्या हातात द्या आणि पोच घ्या. मिळकतीच्या परिशिष्टात सगळे गट, घर, विहिरीतला हिस्सा आणि गावठाणातली जागा आठवून लिहा. न लिहिलेला गट म्हणजे न सोडलेला हक्क, आणि वीस वर्षांनी तोच नेमका हमरस्त्यावर येतो.

त्या आठ एकरांचे काय झाले ते सांगते आणि थांबते. दाव्यात बहिणीची साक्ष झाली. थोरल्या भावाची उलटतपासणी अर्ध्यावर असताना दोघे भाऊ लंचच्या सुट्टीत तिच्याजवळ येऊन बसले. मी दुरून पाहत होते. काय बोलले ते मला माहीत नाही. पुढच्या तारखेला तडजोड आली. साठ अधिक सत्तावीस गुंठे तिने मागितले नाहीत. विहिरीजवळची चाळीस गुंठे तिच्या नावे, बाकीचे भावांना. तडजोडीचा मसुदा माझ्या टेबलावर तयार झाला. ती तो चष्मा लावून, बोट फिरवत, पाऊण तास वाचत बसली. मग वर बघून म्हणाली, ‘वकीलबाई, हा दुसरा गट नंबर चुकलाय.’ चुकला होता. माझ्या कारकुनाने जुन्या फाईलवरून घेतला होता.

आपली,
तालुका न्यायालयातली एक वकील